तेरा वेळा विठ्ठल

नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल’ या अभंगाची एक चाल महाराष्ट्राला पाठ आहे. संगीत राम फाटकांचे, गळा भीमसेन जोशींचा, राग अहिरभैरव. पहाटे रेडिओवर, देवळाच्या भोंग्यावर, एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत ती इतक्यांदा कानावर पडलेली असते की हा अभंग याच सुरांत जन्माला आला, असे वाटावे. दुसरी चाल आमच्या पोखर्णीच्या भजनी मंडळाची. ती कोणी बांधली ते कोणी विचारत नाही आणि विचारले तरी उत्तर येत नाही. एकादशीच्या रात्री टाळ-मृदंगाच्या साथीत ती म्हटली जाते, आणि तिच्यात हा अभंग ऐकला की तो वेगळाच काहीतरी सांगतोय असे वाटते.

शब्द तेच, तरी वेगळे काय सांगतो? एवढ्या एका प्रश्नावर निबंध होऊ शकतो. मात्र तो लिहायला बसले की हात आपोआप दुसरीकडे वळतो. माझी पुतणी परभणीला एम. ए. करते. तिला असाच एक तुलनात्मक निबंध लिहायचा होता. तिने पहिला खर्डा दाखवला त्यात चार पाने अहिरभैरवाची होती: पूर्वांगात भैरव, उत्तरांगात काफी, रिषभ कोमल, निषाद कोमल, वेळ सकाळची. सगळे बरोबर. पुढची तीन पाने वारकरी भजनाची: विणेकरी, टाळकरी, मृदंग, सुरुवातीच्या रूपाच्या अभंगांची माळ. तेही बरोबर. शेवटच्या अर्ध्या पानात, पहिली चाल शास्त्रीय बैठकीची असून दुसरी लोकपरंपरेची आहे आणि दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत, असा निकाल.

“यात अभंग कुठंय?” मी विचारले.

“पहिल्या पानावर लिहिलाय की काका, पूर्ण.”

लिहिला होता खरा. पण त्यानंतर सात पानांत त्यातल्या एकाही शब्दाला कोणी हात लावला नव्हता. त्या जागी दुसरा कुठलाही अभंग ठेवला असता तरी निबंधाचे एक वाक्य बदलावे लागले नसते. तुलना फसली आहे हे ओळखायला मला तरी याहून सोपी खूण माहीत नाही. कविता बदलून पाहावी. निबंध तसाच उभा राहिला तर तो त्या कवितेच्या चालींवरचा नाही, रागावर किंवा परंपरेवर आहे.

म्हणून आम्ही चाली बाजूला ठेवल्या आणि नुसता अभंग घेऊन बसलो. आधी पाठ पक्का केला. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत एखादा शब्द निराळा असतो, गाताना एखादे कडवे गाळले जाते, आणि मग आपण चालीतला फरक म्हणून जे दाखवतो तो मुळात शब्दांतलाच फरक निघतो. पाठ ठरला की अक्षरे मोजायची. हे काम शाळकरी वाटते, पण पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते.

या अभंगात विठ्ठल हा शब्द तेरा वेळा येतो. पहिल्या तीन कडव्यांत चार-चारदा, म्हणजे बारा, आणि शेवटच्या कडव्यात एकदा. पहिल्या बारांची रचना एकसारखी आहे. आधी एक नाव घ्यायचे, तीर्थ, माता, बंधू, गुरू, आणि त्याला विठ्ठल जोडायचा. क्रियापद नाही, विशेषण नाही, ‘आहे’सुद्धा नाही. नुसती यादी. या यादीत पुढे येणारी नावे मात्र लांबीला सारखी नाहीत. तीर्थ, देव, गोत्र ही दोन अक्षरांची. निधान तीन अक्षरांचे. देवपूजा आणि निरंतर चार अक्षरांचे. गुरुदेवता पाच अक्षरांचे. मागचा विठ्ठल कायम तीन अक्षरांचा. म्हणजे चरण कुठे पाच अक्षरांचा होतो, कुठे सातांचा, आणि गुरुदेवतेपाशी थेट आठांचा.

शेवटच्या कडव्यात रचना मोडते. नामदेव स्वतःचे नाव घेतात आणि विठ्ठल आपल्याला सापडला असे सांगतात. अख्ख्या अभंगात घडलेली गोष्ट सांगणारे क्रियापद हे एवढेच. त्याहून बारीक गोष्ट पुतणीने बोट ठेवून दाखवली. आधीच्या बाराही ठिकाणी विठ्ठल चरणाच्या शेवटी आहे. तेराव्या वेळी तो चरणाच्या आरंभी येतो आणि त्याच्यामागे ‘सापडला’ लागतो.

इथे निबंधाचा पाया सापडला. ही कविता चाल बांधणाऱ्यापुढे तीन अडचणी ठेवते. लहानमोठ्या शब्दांमागून येणारा तो एकच शब्द कुठे टेकवायचा? बारा वेळा तेच नाव आले तर ते एकसुरी होऊ द्यायचे की वाढवत न्यायचे? आणि शेवटी रचना मोडते तेव्हा चालीने काय करायचे? तुलनेचे निकष हेच. ते संगीताच्या पुस्तकातून आलेले नाहीत, अभंगातून आलेले आहेत, आणि म्हणून दोन्ही चालींना सारखेच लागू पडतात. ‘रागाची शुद्धता’ हा निकष घेतला असता तर आमच्या मंडळाची चाल पहिल्याच फेरीत बाद. ‘सामूहिकता’ घेतला असता तर भीमसेन बाद. निकष निवडतानाच निकाल लावून ठेवण्याचा हा प्रकार तुलनेच्या लेखनात फार चालतो, आणि बहुतेक वेळा तो लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

पाश्चात्त्य संगीतात या कामासाठी नेहमी पुढे केली जाणारी जोडी गटेच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेची आहे. रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन चाललेला बाप, आणि मुलाला एकट्यालाच ऐकू येणारा भुताचा आवाज. शूबर्टने 1815 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ती स्वरबद्ध केली. दोन-तीन वर्षांनी लोवेने केली. त्या कवितेची अडचण अशी की निवेदक, बाप, मुलगा आणि ते भूत असे चार आवाज आहेत आणि गाणारा एक. शूबर्टच्या पियानोत घोड्याच्या टापा अखंड पडत राहतात आणि मुलाची हाक दर वेळी आणखी वरच्या स्वरावरून येते. लोवेचे भूत एकाच स्वरसंगतीच्या मोजक्या स्वरांवर घुटमळत, जवळजवळ कुजबुजत बोलते. कोणाचे संगीत मोठे, असा वाद घालण्याऐवजी भुताचा आवाज दोघांनी कसा वेगळा काढला, हे विचारले की दोन्ही गाणी बोलू लागतात. आमचे भूत म्हणजे तो तेरावा विठ्ठल, असे मी म्हटल्यावर पुतणी हसली. ते वाक्य निबंधात घालू नकोस, असेही सांगावे लागले.

यानंतर वहीत रेघा मारल्या. दोन्हीकडे ठेका आठ मात्रांचा भजनी, म्हणून एका ओळीत आठ खाने. गाताना जे अक्षर ज्या मात्रेवर पडते ते त्या खान्यात लिहायचे, ओढलेल्या अक्षरापुढे आडवी रेघ. स्वरलेखन येत नसले तरी हे जमते. हाताने टाळी धरायची आणि पेन्सिल चालवायची.

मंडळाच्या चालीचा तक्ता आधी केला, कारण ती सरळ आहे. दर चरणाला एक आवर्तन. चरण समेवर सुरू होतो आणि आठ मात्रांत संपतो. एका चरणातून दुसऱ्यात वाहणे नाही. विणेकरी एकदा म्हणतात, टाळकरी उचलतात. अशा चौकटीत पाच अक्षरांचा ‘तीर्थ विठ्ठल’ सैल बसतो. तीर्थातला ‘ती’ लांबतो, विठ्ठलातला ‘ल’ शेवटच्या दोन मात्रा ओढला जातो. देवपूजेपाशी सात अक्षरे झाली की ओढायला एकच मात्रा उरते. गुरुदेवतेपाशी आठ अक्षरे आणि आठ मात्रा. तिथे श्वास घ्यायलाही जागा नाही, प्रत्येक अक्षर टाळाच्या ठोक्यावर आपटत जाते, आणि विठ्ठलाचा ‘ल’ संपतो न संपतो तोच पुढची सम येते.

इथवर पुतणीचे मत असे झाले की चाल या अभंगाला नीट बसत नाही. तसे ती लिहिणारही होती. मी तिला विणेकरी आबांकडे नेले. वय झालेले, गळा बसलेला, पण चालींचे भांडार तोंडपाठ. तिने सरळच विचारले, “आबा, ही चाल याच अभंगाची का?”

“याची बी हाय अन् दुसऱ्याची बी,” आबा म्हणाले. “चाल म्हंजी भांडं हाय बाई. मोठ्या अभंगाची ही चाल. ज्याचं माप बसंल त्यो वतायचा.”

मग त्यांनी त्याच चालीत तुकोबांचे दोन अभंग म्हणून दाखवले. ते अगदी मापात बसले. कारण उघड होते. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असते. पहिले तीन चरण भरलेले आणि चौथा आखूड. आठ मात्रांच्या चौकटीत सहा अक्षरे आरामात बसतात, आणि चौथ्या चरणाच्या चार अक्षरांना दोन-दोन मात्रा मिळतात. तिथे चाल रुंद होते, गळे मोकळे होतात, टाळकऱ्यांना विसावा मिळतो. वारकरी चालींतले बरेचसे सुख या चौथ्या चरणात साठवलेले असते.

आता नामदेवांचा अभंग या मापाशी ताडून पाहावा. पहिल्या कडव्यात अक्षरे पाच, पाच, पाच आणि सात. दुसऱ्यात सगळीकडे पाच. तिसऱ्यात पाच, आठ, सहा आणि सात. म्हणजे जो चरण आखूड हवा तो दोन कडव्यांत लांब आहे आणि एकात बाकीच्यांइतकाच. चालीने ठेवलेली विसाव्याची जागा पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात अक्षरांनी भरून जाते, दुसऱ्यात थोडी मोकळी होते पण पुरी नाही. तीन कडवी टाळकरी धावतच असतात. शेवटच्या कडव्यात मात्र अक्षरे सहा, सात, सात आणि चार होतात. यादी संपते, नामदेव बोलू लागतात, आणि त्यांचे बोलणे नेहमीच्या मोठ्या अभंगाच्या मापाजवळ येते. चौथा चरण पहिल्यांदाच चार अक्षरांचा मिळतो. प्रत्येक अक्षराला दोन मात्रा. काळाचेही आता भय नाही, अशा अर्थाच्या ओळीची ती शेवटची चार अक्षरे. इतका वेळ अडवून धरलेला विसावा नेमका तिथे येतो.

त्याच कडव्यात दुसरी गोष्ट घडते. चरण समेवरच सुरू होत असल्याने आधीचे बारा विठ्ठल आवर्तनाच्या शेपटाला लागलेले होते. तेरावा विठ्ठल दुसऱ्या चरणाच्या आरंभी आहे, म्हणून तो आपसूक समेवर येतो. टाळाचा पहिला, भरलेला ठोका ‘वि’वर पडतो. एकादशीच्या रात्री हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. तिथे अंगात काहीतरी होते, हेही माहीत होते. का होते, ते तक्ता मांडल्यावर डोळ्यांना दिसले.

पण इथेच निबंधातली सर्वांत निसरडी जागा आहे. ही चाल या अभंगासाठी बांधलेलीच नाही. मग ‘चालकाराने सापडण्याचा क्षण समेवर आणून अधोरेखित केला’ असे वाक्य लिहिता येईल का? येणार नाही. असा चालकारच नाही. राम फाटकांनी मात्र याच शब्दांसाठी चाल बांधली. तिथे निवड होती, तिथे ‘त्यांनी असे केले’ म्हणता येते. एकीकडे बेतलेला कपडा आणि दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले भांडे असताना दोघांना एकच प्रश्न विचारायचा, तर प्रश्नाचे क्रियापद बदलावे लागते. ‘चालकाराने काय केले’ हे न विचारता ‘या चालीत हा अभंग कसा ऐकू येतो’ असे विचारायचे. उद्देशाचा दावा सोडायचा आणि परिणामाचा ठेवायचा. मी पुतणीला सांगितले, हा फरक निबंधाच्या दुसऱ्याच परिच्छेदात मांडून टाक. नाहीतर परीक्षक पाचव्या पानावर तुला तिथे अडवील आणि आधीची चारही पाने गडगडतील.

मंडळाची निवडही अगदीच नसते असे नाही. गुरुदेवतेपाशी आठ अक्षरे बसवायची म्हणून आबा आदल्या चरणाचा ‘ल’ थोडा आधी सोडतात आणि ‘गु’ समेच्या किंचित अलीकडे उचलतात. भांड्यात न मावणारे ते असे सांभाळून घेतात. वापरातल्या चालीचे शब्दांवरचे भाष्य असलेच तर या सांभाळण्यात असते, आणि ते कागदावर सापडत नाही. समोर बसून ऐकावे लागते.

आता फाटकांची चाल. तिच्याबद्दल लिहिताना पहिली अडचण भीमसेन हीच आहे. आपण चालीचे म्हणून जे कौतुक करतो त्यातले निम्मे त्या गळ्याचे असते. ‘संतवाणी’च्या बैठकीत विठ्ठल या एका शब्दावर ते जो विस्तार करत, तो फाटकांच्या चालीच्या आधाराने असला तरी त्या क्षणी तो गायकाचा असतो. निबंध चालींवरचा असेल तर गळा वेगळा काढायलाच हवा. त्याला एक साधा उपाय आहे. तीच चाल साध्या गळ्यातून ऐकायची. परभणीतल्या एका भजनस्पर्धेत शाळेतल्या मुली हेच गीत गात होत्या. त्यात ना तान ना घुमारा, मधूनच सूर घसरत होता. तरीही जे टिकून होते ते चालीचे. उलट बाजूनेही तेच केले. आमच्या गावातल्या पेटी शिकलेल्या एका पोराकडून मंडळाची चाल शब्दांशिवाय नुसती वाजवून घेतली. शब्द काढल्यावर ती जवळजवळ काहीच उरली नाही, चारपाच स्वरांची चढउतार एवढीच. फाटकांची चाल पेटीवर नुसती वाजवली तरी ओळखू येते आणि ऐकावीशी वाटते. हा फरक गुणवत्तेचा नाही, पण तो निबंधात यायला हवा. एक चाल शब्दांवाचून जगते, दुसरी जगत नाही.

मुलींच्या गाण्यात जे टिकले होते त्याकडे आपले तीन निकष घेऊन पाहिले. विठ्ठल कुठे टेकतो, तर एका ठरावीक जागी नाही. मंडळाच्या चालीत बारा विठ्ठल एकाच शेपटाला बांधलेले आहेत. इथे पहिल्याच जोडीत दुसरा विठ्ठल पहिल्याहून वेगळ्या स्वरावर उतरतो, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे तसा. मातापित्यांपाशी चाल वरच्या अंगाला सरकते. शब्द तोच असला तरी प्रत्येक वेळी त्याला नवे वळण मिळत जाते. दुसऱ्या निकषाचे उत्तर त्यातच आले. ही यादी एकसुरी राहत नाही, वाढत जाते. यात रागाची मदत मोठी आहे. अहिरभैरवातला कोमल रिषभ षड्जाला इतका लगटून असतो की त्यावर थांबलेली ओळ संपल्यासारखी वाटतच नाही, पुढच्या नावाची वाट पाहायला लावते. रागाची माहिती निबंधात यायची ती एवढीच आणि इथेच. चार पानांतली दोन वाक्ये उरली तेव्हा पुतणीला जरा वाईट वाटले.

तिसऱ्या निकषापाशी आमचे दोघांचे जमले नाही. तिचे म्हणणे असे की सुरेल चालीत शेवटचे कडवे सर्वांत उंच ठरते, कारण ऐकणारा तोवर पुरता भारावलेला असतो. माझे मत निराळे आहे. बाराही नावांना आधीच वेगळे तेज मिळालेले असल्याने तेराव्यासाठी राखून ठेवलेले असे फारसे उरत नाही. यादीतला प्रत्येक विठ्ठल नव्याने सापडल्यासारखा येतो. मग सापडला हे सांगायला वेगळी घटना लागत नाही. मंडळाच्या चालीत मात्र तीन कडवी रेटून धरलेली ताण-ओढ चौथ्यात सुटते, आणि सापडणे ही घटना होते. मला दुसरे जास्त खरे वाटते, कारण अभंगाची रचनाही तशीच आहे, आधी क्रियापदावाचूनची यादी आणि शेवटी घडलेले सांगणारे एकच क्रियापद. पण हे माझे मत झाले. पुतणीने तिचे लिहावे आणि मुलींच्या गाण्यातल्या जागा दाखवून लिहावे, एवढाच माझा आग्रह.

एक आक्षेप तिने काढला तो मात्र बिनतोड होता. “काका, फाटकांच्या चालीत गाणारा एकच माणूस आहे. तुमच्यात चाळीस. ‘नामा म्हणे’ म्हणताना एकट्याच्या तोंडी ते जास्त शोभत नाही का? सापडला तर तो एकालाच ना?” यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. कोण गातो, हा प्रश्न आम्ही निकषांत घेतलाच नव्हता, कारण तो चालीचा नाही, सादरीकरणाचा आहे असे धरून चाललो होतो. पण या अभंगात बोलणाऱ्याचे नाव आहे. तेव्हा बोलणारा कोण, हेही कवितेनेच विचारलेले आहे. चौथा निकष असा उशिरा आला, आणि तो तिने शेवटी जोडला नाही, पहिला घेतला. तिचे बरोबर होते. एकट्याचा आवाज की चाळीसांचा, हे ठरले की बाकीच्या तीन उत्तरांना वजन येते. एकटा गाणारा बारा नावांना बारा छटा देऊ शकतो. चाळीस जणांना ते जमणार नाही, त्यांना शब्द एकाच खुंटीला टांगावा लागतो. दोन चालींतला निम्मा फरक इथूनच सुरू होतो.

निबंधाची मांडणी मग आपोआप बदलली. आधी एक चाल पूर्ण, मग दुसरी पूर्ण, अशी सात पानांची विभागणी गेली. त्या मांडणीत तुलना वाचकालाच करावी लागते, लिहिणारा नुसती दोन वर्णने शेजारी ठेवतो. आता दर भागात एक प्रश्न आणि त्याखाली दोन्ही चाली. दोन्हींना सारखी जागा द्यायची नाही असेही ठरले. विठ्ठल कुठे टेकतो या भागात मंडळाची चाल जास्त बोलते, म्हणून तिला दोन पाने. नाव वाढत जाण्याच्या भागात फाटकांची, म्हणून तिथे ती पुढे. जिथे फरक नाही तिथे एक वाक्य: दोन्हीकडे ठेका आठ मात्रांचा, आणि दर कडव्यानंतर ध्रुपदावर येणेही दोन्हीकडे आहे. शेवटचे कडवे शेवटी. त्याच्यावरच दोघांचे मत जुळत नसल्याने निबंधाला तिथे धार येते. दोन्ही श्रेष्ठ, हे वाक्य तिने स्वतःच खोडले.

पोखर्णीहून परभणी-परळी गाडीत बसले की पुढे गंगाखेड, जनाबाईंचे गाव. नामदेवांची नरसीही 1999 मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला या अभंगाची जुनी चाल तीच खरी आणि रेकॉर्डवरची उपरी, असे म्हणण्याचा मोह होतो. आबांना तो नाही. गेल्या एकादशीला त्यांच्याच मंडळातल्या तरुण टाळकऱ्यांनी फाटकांची चाल उचलली. वीणा आबांच्या गळ्यात होती, त्यांनी हरकत घेतली नाही. चाळीस गळ्यांत कोमल रिषभ टिकला नाही, दुसऱ्या कडव्यापर्यंत तो पुष्कळांचा शुद्ध होऊन बसला. मधले हरकतींचे वळण गळाले आणि विठ्ठलाची वेगवेगळी वळणे दोन ठरावीक वळणांवर आली. पुतणी वही काढून खाने आखायला लागली. “ही तिसरी झाली,” ती म्हणाली, “हिला कुठं घालू?” मी म्हटले, या निबंधात नको, पंधरा तारखेला द्यायचा आहे तो आधी दे. ती तरी आखतच राहिली, आणि तिसऱ्या कडव्यापाशी मुलांनी गुरुदेवतेची आठ अक्षरे कशी बसवली ते आबांना विचारायला उठली.